बारीक, सडपातळ की लुकडा? थिन, स्लिम, स्किनी आणि स्लेंडर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात टिळकवाडीला मी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मुलं येतात. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि नोकरीसाठी इंग्रजी, असा बहुतेकांचा दिवस. माणसाचं वर्णन करायचा धडा आला की त्याच चार शब्दांवर गाडी अडते आणि पुढचा आठवडाभर ग्रुपवर तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकदाचे लिहून ठेवते. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, चारही शब्दांचा अर्थ ‘बारीक’च होतो ना? मग चार कशाला?

अंगावर मांस कमी आहे, एवढी बातमी चारही शब्द देतात. फरक आहे तो बातमीसोबत येणाऱ्या शेऱ्यात. ‘थिन’ बातमी देतो आणि बहुतेक वेळा गप्प बसतो. ‘स्लिम’ म्हणतो, बारीक आहे आणि ते छान दिसतं. ‘स्किनी’ म्हणतो, जरा जास्तच बारीक आहे, हाडं दिसतात. ‘स्लेंडर’ म्हणतो, बारीक आहे आणि त्यात डौल आहे.

मराठीत हे आपण न शिकवता करतो. एकाच मुलीला तिची मावशी ‘सडपातळ’ म्हणते आणि भांडण झालेली जाऊ ‘लुकडी’ म्हणते. वजनकाट्यावर मुलगी तेवढीच असते. म्हणजे शब्दावरून मुलीच्या वजनापेक्षा बोलणारीची नजर जास्त कळते.

बर्ट्रांड रसेल यांनी 1948 साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात गमतीने क्रियापद चालवावं तशी विशेषणं चालवून दाखवली होती. मी खंबीर, तू हट्टी, तो अडेलतट्टू मूर्ख, अशा धर्तीवर. आपले शब्द त्याच चालीवर चालवा: मी स्लेंडर, तू थिन, ती स्किनी. गुण तोच, पण माणूस जसजसा आपल्यापासून लांब तसतसा शब्द कडू.

२. घाईत एकच शब्द वापरायचा असेल तर कुठला वापरू?

समोरच्याला बरं वाटावं असं बोलायचं असेल तर ‘स्लिम’. ओळख पटवण्यापुरतं सांगायचं असेल, म्हणजे ‘तो उंच, बारीक मुलगा, चष्मा असलेला’, तर ‘थिन’. ‘स्किनी’ घाईत वापरायचा शब्दच नाही. ‘स्लेंडर’ बोलण्यात क्वचित लागतो.

३. शब्द कौतुकाचा आहे की टोमण्याचा, हे पुस्तक न बघता ओळखता येतं का?

येतं. वर्गात मी ‘पण’ची कसोटी शिकवते. शब्दापुढे ‘पण’ लावायचं आणि एक चांगला गुण जोडायचा. वाक्य सरळ उभं राहिलं तर पहिल्या शब्दात थोडी उणीव लपलेली आहे. वाक्य अडखळलं तर तो शब्द आधीच कौतुकाचा आहे, कारण कौतुकापुढे ‘पण’ घालून पुन्हा कौतुक करता येत नाही.

आधी मराठीत करून बघा. ‘तो लुकडा आहे पण ताकदवान आहे’, हे कानाला ठीक वाटतं. ‘ती सडपातळ आहे पण निरोगी आहे’ म्हटलं की ऐकणारा चमकतो. सडपातळ असण्यात निरोगीपणाला आड येण्यासारखं काय आहे? आता इंग्रजीत. ‘ही इज स्किनी बट स्ट्राँग’ अगदी नेहमीचं वाक्य. ‘ही इज थिन बट स्ट्राँग’ हेही चालतं, म्हणजे थिनमध्येही अशक्तपणाची बारीकशी शंका आहे. ‘शी इज स्लिम बट हेल्दी’ मात्र विचित्र वाटतं. तिथे ‘अँड’ हवा. ‘स्लेंडर बट ग्रेसफुल’ तर हास्यास्पदच, कारण डौल स्लेंडरच्या पोटातच आहे.

दुसरी कसोटी ‘टू’ची, म्हणजे ‘फारच, नको तेवढा’. ‘टू थिन’ आणि ‘टू स्किनी’ रोज ऐकू येतात. ‘टू स्लिम’ फार कमी आणि ‘टू स्लेंडर’ जवळजवळ नाहीच. जे छान आहे ते नको तेवढं कसं होणार?

दोन्ही कसोट्या माणसाच्या वर्णनापुरत्या आहेत. वस्तूंना आणि कल्पनांना त्या लावायच्या नाहीत. ते प्रश्न १३ मध्ये येईल.

४. जीन्सवर ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ दोन्ही लिहिलेलं असतं. मग स्किनी म्हणजे स्लिमची पुढची पायरी ना?

हा गोंधळ खडेबाजारातल्या कपड्याच्या दुकानांनी घातलाय. पँटच्या लेबलवर ते खरंच आहे: स्लिम फिटपेक्षा स्किनी फिट जास्त घट्ट. तिथे दोन्ही शब्द मापाचे आहेत, शेरा कसलाच नाही. पोरं तीच शिडी माणसाला लावतात. मैत्रीण खूप बारीक आहे, स्लिमपेक्षा जास्त, मग ती स्किनी, असा हिशेब.

माणसाच्या बाबतीत ही एकाच शिडीवरची पायरी नाही. स्लिमकडून स्किनीकडे जाताना मांस थोडं कमी होतं हे खरं, पण कौतुक मधेच संपतं आणि टीका सुरू होते. कुणी फारच नाजूक आहे आणि ते तुम्हाला आवडतं, तर ‘व्हेरी स्लिम’ म्हणा. ‘स्किनी’वर उडी मारू नका.

ही उडी मी स्वतः मारलेली आहे. कॉलेजच्या निरोप समारंभात इंग्रजीत भाषण करताना मी आमच्या एका सरांना ‘स्किनी अँड एनर्जेटिक’ म्हणाले. ‘अंगाने किरकोळ पण उत्साही’ हे माझ्या डोक्यात होतं. सर हसले, पण पुढच्या रांगेतल्या मॅडमनी डोळे मोठे केले. मराठीत मी त्यांना ‘आमचे लुकडे सर’ म्हटल्यासारखं झालं होतं.

५. थिन म्हटलं तर कुणाला वाईट वाटतं का? कुठे चांगला, कुठे वाईट, हे कळत नाही.

चौघांत हाच सर्वांत अवघड आहे, कारण तो शेजारी बघून रंग बदलतो. ‘टॉल अँड थिन’ म्हटलं की नुसतं वर्णन. ‘थिन अँड पेल’ म्हटलं की आजार. ‘पेनफुली थिन’ म्हणजे बघवत नाही इतका. ‘यू आर लुकिंग थिन’ असं कुणी काळजीच्या सुरात म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘काय गा, जेवतोस की नाही?’ असाच होतो. तेच वाक्य वजन कमी करायला वर्षभर धडपडणाऱ्या बाईला मैत्रिणीने म्हटलं तर ती खूश होते.

म्हणून थिन एकटा सोडू नये. सोबत एखादा शब्द असा द्यावा की तुमचा सूर कळेल. उंची सांगितली की सूर साधा राहतो. चेहऱ्याचा रंग, डोळे, थकवा यांपैकी काही आलं की तो आजाराकडे झुकतो.

जाता जाता एक. हा थिन आणि आपला संस्कृत ‘तनु’ मुळात एकाच घरातले. ताणणे, लांबवणे असा अर्थ असलेल्या एका जुन्या धातूपासून दोघे आले. संस्कृतात तनु म्हणजे बारीकही, म्हणूनच ‘तन्वंगी’. गंमत अशी की तन्वंगीत जो डौल आहे तो इंग्रजीत थिनकडे राहिला नाही, स्लेंडरकडे गेला.

६. स्लेंडर कुणाला म्हणायचं? स्लिम आणि स्लेंडर एकच वाटतात.

दोन्ही कौतुकाचे, पण कौतुक वेगळ्या गोष्टीचं. स्लिममध्ये पोट सुटलेलं नाही, बांधा आटोपशीर आहे, असं येतं. त्यात थोडा प्रयत्नही दडलेला असतो. ब्रिटिश इंग्रजीत ‘स्लिमिंग’ म्हणजे वजन कमी करायला खाण्यावर ताबा ठेवणं. स्लेंडरमध्ये लांबी आणि प्रमाण आहे. वेलीचा देठ, मान, लांब बोटं, मनगट, कंबर, अशा लांबट आणि नाजूक गोष्टींना तो चपखल बसतो. व्यायाम करून माणूस स्लिम होतो. स्लेंडर बहुधा मूळच्या अंगकाठीनेच असतो.

तो लिखाणातला शब्द आहे. कथेत, व्यक्तिचित्रात शोभतो. बसस्टॉपवर ‘तुझी ती स्लेंडर मैत्रीण आली बघ’ म्हणालात तर वाक्य चुकणार नाही, पण धोतर-जाकीट घालून भाजी आणायला गेल्यासारखं वाटेल.

शरीराच्या एखाद्या भागाबद्दल बोलायचं असेल तर फरक आणखी स्वच्छ दिसतो. सतारवादकाची बोटं स्लेंडर. आजीची, शिरा दिसणारी बोटं थिन. हाफ पँटमधल्या पाचवीतल्या पोराचे पाय स्किनी. कंबर स्लिमही चालते, स्लेंडरही.

७. मराठीतला कुठला शब्द कशाच्या जागी ठेवायचा, ते सांगाल का?

एकास एक जोडी लागत नाही, पण जवळचे सांगते. बारीक म्हणजे थिन. सडपातळ म्हणजे स्लिम. लुकडा, काटकुळा, किडकिडीत हे सगळे स्किनीच्या पंगतीचे. शेलाटी किंवा शेलाट्या बांध्याची म्हणजे स्लेंडर. हडकुळा स्किनीच्याही पुढे जातो. त्याला इंग्रजीत ‘बोनी’ आहे. मरतुकडा म्हणजे ‘स्क्रॉनी’, ज्यात बारीकपणाबरोबर दुबळेपणाचीही हेटाळणी आहे. एखाद्याला ‘पाप्याचं पितर’ म्हणतो ना, तोही स्क्रॉनीच. ‘चवळीची शेंग’ बोलणाऱ्याच्या सुरावर जाते, कधी स्लिम, कधी चेष्टेत स्किनी.

सर्वांत जास्त फसवतो तो ‘कृश’. मुलांचा तर्क असा: कृश हा पुस्तकी शब्द, स्लेंडर हाही पुस्तकी, म्हणजे दोन्ही एक. तसं नाही. कृश पुस्तकी आहे पण कौतुकाचा नाही. त्यात झिजणं आहे. उपोषणाने कृश झालेल्या माणसाला स्लेंडर म्हटलं तर त्याच्या उपासाची थट्टा होईल. तिथे थिन, किंवा प्रश्न ११ मधले शब्द घ्यावे. शब्द किती भारदस्त आहे आणि तो प्रेमाने बोलतो की नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

८. ‘माय थिन ब्रदर’ लिहिलं तर मॅडमनी लाल रेघ मारली. माझा भाऊ बारकाच आहे!

बाळा, तुझा भाऊ बारका आहे, बारीक नाही. आपल्याकडे आणि कोल्हापूरकडे ‘बारका भाऊ’ म्हणजे धाकटा. इंग्रजीत तो ‘यंगर ब्रदर’. तो ऐंशी किलोचा असला तरी बारकाच.

कन्नडमुळे यात भर पडते. ‘सण्ण’ म्हणजे लहानही आणि बारीकही. त्यामुळे कन्नड माध्यमातून आलेली मुलं उलटी चूक करतात आणि बारीक माणसाला ‘स्मॉल’ म्हणतात. ‘शी इज स्मॉल’ ऐकून इंग्रजी माणसाच्या डोळ्यापुढे बुटकी, लहान चणीची बाई येते, बारीक नव्हे. उंच आणि बारीक बाई स्मॉल होऊच शकत नाही. खरोखरच ठेंगणी आणि नाजूक बाई असेल तर ‘पेटीट’ म्हणतात. तो शब्द बायकांसाठीच, आणि कौतुकाचा.

९. लग्नात भेटल्यावर ‘किती बारीक झालीस गं’ म्हणतो, ते इंग्रजीत कसं म्हणू?

आधी बेळगावात ऐकू येणारी तीन उत्तरं बघू, तिन्ही अडचणीची.

‘यू हॅव बिकम स्मॉल.’ हे ‘सण्ण आगीदी’चं सरळ भाषांतर. ऐकणाऱ्याला वाटेल की तिची उंची कमी झाली.

‘यू हॅव बिकम वीक.’ वजन घटलं की आपण ‘अशक्त झालीस’ म्हणतो, तिथून हे आलं. भारतात समजून घेतात. बाहेरच्या माणसाला मात्र तिच्या अंगात त्राण उरलं नाही, असं ऐकू येतं. डाएट करून पाच किलो उतरवलेल्या बाईला वीक म्हणणं म्हणजे तिच्या कष्टावर पाणी.

‘यू हॅव रिड्यूस्ड.’ हे बेंगळुरूकडून येतं आणि इकडे मराठी बोलण्यातही ‘रिड्यूस झालीस की’ असं मिसळलंय. आपसात खुशाल बोला. पण बाहेरचा माणूस पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो: काय रिड्यूस केलं? या क्रियापदाला सहसा कर्म लागतं.

साधं वाक्य ‘यू हॅव लॉस्ट वेट’. त्यात कौतुक की काळजी, ते आवाजावर. कौतुकच करायचं असेल तर ‘यू लुक सो स्लिम’. ‘यू लुक सो थिन’ म्हणालात तर समोरची बाई आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघेल आणि मग ठरवेल की रागवायचं की नाही.

एक आगाऊ सूचना. आपल्याकडे भेटल्याबरोबर अंगावर बोलणं ही विचारपूस असते. कुंद्याचा तुकडा तोंडात घालतानाच मामी म्हणते, ‘वाळलास की रे!’ परदेशी सहकाऱ्याशी पहिल्याच भेटीत असं बोललं की, शब्द कितीही योग्य असला तरी, विषयच खासगी वाटतो.

१०. मुलीच्या स्थळाचा बायोडेटा इंग्रजीत करायचाय. ‘थिन’ लिहू की ‘स्लिम’?

स्लिम. का, ते एका घडलेल्या गोष्टीवरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

खानापूरजवळच्या एका गावातले काका मुलीचा बायोडेटा घेऊन आले. मुलाकडचे बेंगळुरूचे, घरात मराठी वाचणारं कुणी नाही, म्हणून इंग्रजीत केलेला. उंची 5 फूट 3 इंच, वजन 48 किलो. मराठीत मूळ ओळ होती ‘बांधा बारीक’, आणि भाच्याने ती केली होती ‘बॉडी: थिन’. मुलाच्या आत्याचा फोन आला, ‘मुलीची तब्येत बरी असते ना? काही आजारपण?’ काकांना कळेना, हे कुठून निघालं.

ओळ वाचा. उंची, वजन आणि त्यापुढे एकटाच थिन. सोबत टॉल नाही, काही नाही. प्रश्न ५ मध्ये सांगितलं तसं, एकट्या थिनला ऐकणारा स्वतःच सोबती शोधतो आणि लग्नाच्या कागदावर त्याला पहिला सोबती सापडतो तो आजार. आकडा काय म्हणतो? 5 फूट 3 इंच म्हणजे साधारण 160 सेंटिमीटर. वजन किलोत घेऊन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो: 48 भागिले 2.56, म्हणजे 18.75. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत 18.5 च्या खाली आलं की वजन कमी धरतात. म्हणजे मुलगी ठीकठाक होती. शंका आली ती शब्दातून.

मग पर्याय बघितले. ‘स्किनी’ तर सोडाच. ‘स्लेंडर’ भाच्याला आवडला, कारण गुगलवर तो सुंदर दिसला. पण बायोडेटा हा फॉर्म आहे, कविता नव्हे. रक्तगट, गोत्र, पगार आणि मधेच स्लेंडर, म्हणजे बापाने जरा जास्तच रंगवलंय असं वाटतं. ‘लीन’ म्हटलं तर जिमला जाणारी मुलगी डोळ्यापुढे येते. ‘स्लिम’ लिहिलं. विवाह-संकेतस्थळांवर बांध्याच्या रकान्यात तो शब्द आधीच रुळलेला आहे, त्यामुळे वाचणारा तिथे थांबत नाही आणि काकांना तेच हवं होतं. उंची-वजन दिलेलं असताना बांध्याची ओळच कशाला, असंही मी म्हणून बघितलं. काका म्हणाले, ‘रकाना रिकामा ठेवला तर आणखी फोन येतील की ओ.’

११. पैलवान, शेतकरी, आजारी माणूस, यांना काय म्हणायचं? स्लिम पैलवान बरं वाटत नाही.

बरोबर कान आहे तुमचा. स्लिम पुरुषाला चालतो, पण त्यात ताकद येत नाही. अंगावर चरबी नाही आणि स्नायू घट्ट आहेत, असं सांगायचं तर ‘लीन’. लाल मातीत कमी वजनाच्या गटात लढणारा पोरगा लीन. दिसायला किरकोळ पण दिवसभर ऊस तोडला तरी न थकणारा, आपण ज्याला काटक म्हणतो, तो ‘वायरी’. तारेसारखा, बारीक पण चिवट. उंच, लांब हातापायाचा, चालताना जरा अघळपघळ पोरगा ‘लँकी’, म्हणजे आपला लंबूटांग.

आजाराने वाळलेल्या माणसाला थिन म्हणणं सभ्य आहे. गाल बसलेत, डोळे खोल गेलेत, तर ‘गॉन्ट’. उपासमारीने किंवा दीर्घ आजाराने हाडं वर आलीत, तर ‘इमेशिएटेड’. तो डॉक्टरांचा आणि बातम्यांचा शब्द, घरी बोलायचा नाही. टायफॉइडमधून उठलेल्या काकूंना मात्र चुकूनही स्लिम म्हणू नका. इथे कौतुकच टोचतं.

१२. इंग्रजी सिनेमात मुली स्वतःला आनंदाने ‘स्किनी’ म्हणतात. मग वाईट कसा?

स्वतःबद्दल बोलताना बंधन सैल होतं. ‘शाळेत मी लुकडा होतो’ असं आपणही हसत सांगतोच. जवळच्या मित्राला चिडवताना चालतो, लहान पोरांबद्दल मायेनेही चालतो. आणि जिथे बारीक असणं हेच ध्येय मानतात अशा फॅशनच्या बोलण्यात काहीजणी तो खरोखर कौतुक म्हणून घेतात.

हे सगळं आतल्या माणसांचं आहे. बाहेरून पाहुण्यासारखे आलात की तोच शब्द टोचतो. ‘स्किनी लाटे’ ही सायीशिवायच्या दुधाची कॉफी. तिथे माणूसच नाही, त्यामुळे शेराही नाही.

उलट बाजूचा एक अपवादही ध्यानात ठेवा. पोलिसांच्या वर्णनात ‘ऑफ स्लिम बिल्ड’ येतं तेव्हा ते चोराचं कौतुक नसतं. ‘बिल्ड’ जोडला की स्लिम नुसत्या मापाचा शब्द होतो.

१३. मग ‘स्लिम चान्स’ म्हणजे छान संधी का?

नाही, फार कमी संधी. माणसापासून सुटले की हे शब्द आपलं कौतुक सोबत नेत नाहीत. स्लिम चान्स आणि स्लेंडर होप, दोन्हीत आशा थोडीच. ‘थिन एक्स्क्यूज’ म्हणजे लगेच पकडली जाणारी सबब.

१४. ‘शी हॅज थिन हेअर’ म्हणजे तिचे केस रेशमी, बारीक?

विरळ. टाळू दिसेल असे. एकेक केस बारीक आहे असं म्हणायचं असेल तर ‘फाइन हेअर’. ‘थिन हेअर’ कुणाला ऐकवण्याआधी दोनदा विचार करा. ‘थिन लिप्स’ म्हणजे पातळ ओठ, पण कथेत ते आले की पात्र बहुधा कडक स्वभावाचं निघतं. आणि ‘थिन-स्किन्ड’ म्हणजे बारीक माणूस नव्हे. ज्याला पटकन लागतं, तो.

१५. परीक्षेत ‘थिनचा समानार्थी शब्द लिहा’ असं आलं तर?

स्लिम किंवा स्लेंडर लिहा आणि गुण घ्या. तपासणारा ‘पण’ची कसोटी लावत नाही. वाक्यात वापरा असं म्हटलं असेल, तर मात्र प्रश्न ३ आठवा आणि आजीला स्किनी करू नका. गेल्या चाचणीत सहा आज्या स्किनी होत्या. एक तर पानभर मायेने रंगवलेली होती, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हाताला पानाच्या चुन्याचा वास. मी तो एकच शब्द खोडून थिन केला आणि बाकी पानाला हात लावला नाही.